न दिसणारी फडफड आणि साडेतीनची डोकेदुखी

नमस्कार सर,

मी ४३ वर्षांची आहे. बाणेरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दिवसभर एक्सेल आणि व्हाउचर. नऊ-दहा महिन्यांपूर्वी आम्हाला मोकळ्या हॉलमध्ये हलवलं, तेव्हापासून दुपारी साडेतीनच्या सुमारास डोकं उठतं. आठवड्यातून चार दिवस तरी. रविवारी काही नाही. डोक्यावरच्या पट्टीतली एक ट्यूब फडफडते, पाठीमागे मोठी खिडकी आहे आणि पार्टिशनपलीकडे सेल्सची मुलं सतत फोनवर. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले, तर कानशिलं दुखायला लागली. डोळे तपासले, नंबर ठीक आहे म्हणाले, पण दुकानदार ब्लू कट काचा घ्या म्हणतो. दिवसाआड एक गोळी घेतेच. अ‍ॅडमिनवाले म्हणतात, बाकी कोणाला त्रास नाही. जागा बदलून मिळणार नाही. माझ्या टेबलापुरतं मी काय करू शकते?

– एक वाचक, पुणे

नमस्कार,

फडफडणारी ट्यूब तर काढायलाच हवी. पण माझा खरा संशय तिच्यावर नाही. ती निदान उघडपणे त्रास देते. संशय आहे तो तिच्या शेजारी शांतपणे जळणाऱ्या ट्यूबांवर.

इमारतींच्या विजेच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली, त्यामुळे थोडं आतलं सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे आणि ५० वेळा मागे जातो, आणि दोन्ही वेळा उजेड पडतो. मधे शंभर वेळा उजेड खाली येतो. जुन्या, वजनदार चोकवरची ट्यूब अशी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असते. इतकी जलद लुकलुक डोळ्याला दिसत नाही, उजेड सलग वाटतो. डोळ्याचा पडदा आणि मेंदू मात्र ती काही प्रमाणात टिपत राहतात.

कारखान्यातल्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लेथवर फिरणारा चक अशा ट्यूबखाली ठरावीक वेगाला चक्क थांबलेला दिसू शकतो, आणि कोणी हात घातला की संपलं. म्हणून चांगला वायरमन वर्कशॉपमध्ये शेजारच्या पट्ट्या तीन वेगवेगळ्या फेजवर टाकतो. एकीचा उजेड खाली असतो तेव्हा दुसरीचा वर असतो. ऑफिसात हात कापला जात नाही, त्यामुळे तिथे ही काळजी कोणी घेत नाही.

डोकेदुखीशी याचा संबंध तपासून पाहिला गेला आहे. ब्रिटनमध्ये आर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली एका ऑफिसातला अभ्यास प्रसिद्ध केला. तेच कर्मचारी, तेच टेबल. काही काळ ट्यूब साध्या चोकवर आणि काही काळ इलेक्ट्रॉनिक चोकवर. इलेक्ट्रॉनिक चोक सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, त्यामुळे उजेड जवळजवळ सपाट येतो. कोणत्या वेळी कोणता चोक आहे हे बसणाऱ्यांना माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनिक चोकवर डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. त्यात अजून एक गोष्ट दिसली, ती तुमच्या उपयोगाची आहे: वरच्या मजल्यांवर, जिथे दिवसाचा उजेड जास्त येतो, तिथे डोकेदुखी कमी होती. ती का, ते पुढे येईलच.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे आता सगळं एलईडी आहे. असेल. पण एलईडीला स्वतःचा स्वभाव नसतो, तिला वीज पुरवणारं मागचं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, जसं वागवेल तशी ती वागते. स्वस्त ड्रायव्हरमधला कपॅसिटर लहान असतो आणि तो त्या शंभरच्या लाटा नीट भरून काढत नाही. शिवाय जुन्याच बंद पट्टीत ट्यूब कोंबलेली असली तर आत उष्णता साठते आणि कपॅसिटर सुकत जातो. बसवली तेव्हा ठीक असलेली ट्यूब दोन वर्षांनी लाटा मारायला लागते, आणि वर बघणाऱ्याला काहीही फरक दिसत नाही. "बाकी कोणाला त्रास नाही" हे अ‍ॅडमिनचं म्हणणं खोटं नसेल. अर्धशिशीची ठेवण असलेल्या माणसाला हे आधी बोचतं, बाकीचे नुसते "आज कंटाळा आलाय" म्हणतात.

आता हे तुम्ही स्वतः पकडायचं. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावा, सेकंदाला २४० फ्रेमचा पर्याय असेल तर तो. टेबलावर कोरा पांढरा कागद ठेवा आणि वरच्या ट्यूबचा उजेड त्यावर पडत असताना पाच सेकंद चित्रण करा. खिडकीचा पडदा ओढलेला हवा आणि मॉनिटर बंद. मग बघा. कागद शांत दिसला तर उजेड चांगला. कागद सेकंदाला बारा-तेरा वेळा धडधडल्यासारखा दिसला, तर ती तुमची शंभरची लाट आहे, आठपट मंद होऊन आलेली. तसाच व्हिडिओ ऊन असताना खिडकीशी घेतलात की फरक लगेच कळेल. साध्या व्हिडिओवर मात्र विसंबू नका. फोनवाले आपल्या विजेला जुळेल असा शटर आपोआप लावतात, आणि त्यात लाट झाकली जाते. मेंटेनन्सवाले साधा कॅमेरा वर धरून "बघा मॅडम, काही नाही" म्हणतात, ते यामुळे.

फोनमध्ये सोय नसेल तर पेन्सिल घ्या. चकचकीत, फिक्या रंगाची. गडद पार्श्वभूमीसमोर ती दोन बोटांत धरून भरभर हलवा. सपाट उजेडात पेन्सिलीचा सलग पंखा दिसतो. लाटांच्या उजेडात कंगव्याच्या दातांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसतात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तुमच्याबद्दल वेगळी चर्चा सुरू होईल.

समजा कागद धडधडला. पट्टी बदलणं तुमच्या हातात नाही, पण लाट पातळ करणं आहे. वरच्या मजल्यांवर झालं तेच: स्थिर उजेड मिसळला की लाटेचा वाटा घटतो. हिशोब करून दाखवतो. लक्स हे उजेडाचं माप. तुमच्या टेबलावर वरून सरासरी ३०० लक्स येतात आणि ते १८० ते ४२० मध्ये हेलकावतात असं धरू. मधल्या आकड्याच्या मानाने हा हेलकावा ४० टक्के झाला. आता बरोबर डोक्यावरची ट्यूब काढायला लावली आणि वरून येणारा उजेड निम्मा झाला: ९० ते २१०. त्यात टेबललॅम्पचे ३०० लक्स स्थिर उजेड मिसळले की एकूण ३९० ते ५१०. हेलकावा १३ टक्क्यांवर आला. अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये शिफारस केली आहे की शंभर हर्ट्झला हा हेलकावा ८ टक्क्यांच्या आत असला तर धोका कमी. आपण अजून तिथे पोचलो नाही, पण खिडकीचा उजेड नीट वळवून घेतला तर पोचू. शिवाय एकूण उजेड वाढला आहे, कमी झालेला नाही. व्हाउचर वाचायला ते बरंच.

यात दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिली चूक लॅम्प निवडताना. यूएसबीवर चालणारा लॅम्प घ्या. त्याला मुळातच सपाट वीज मिळते, त्यामुळे पूर्ण उजेडावर तो सहसा शांत असतो. पण टच करून मंद करायचे जे स्वस्त लॅम्प असतात, ते मंद करतात म्हणजे प्रत्यक्षात उजेड भराभर चालू-बंद करतात. तुम्ही एक लाट घालवायला गेलात आणि दुसरी विकत आणली, असं होतं. दुकानात उभ्या उभ्या कागद आणि स्लो मोशन, दहा सेकंदांचं काम आहे. लॅम्पचं तोंड स्क्रीनकडे नको. अर्धा उजेड व्हाउचरवर आणि अर्धा मॉनिटरमागच्या पार्टिशनवर पडू द्या. दुसरी चूक जास्त महागात पडते: स्वतः खुर्चीवर चढून ट्यूब काढायची नाही. काही एलईडी ट्यूबांना एकाच टोकाला थेट वीज दिलेली असते आणि पट्टीचं वायरिंग कसं केलंय ते खालून कळत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि "ट्यूब बदला" म्हणू नका, "काढून ठेवा" म्हणा. बदलायला स्टोअरमधून माल यावा लागतो. काढायला काहीच लागत नाही, त्यामुळे ते काम त्याच दिवशी होतं.

मॉनिटरचीही अशीच झडती घ्या. काही मॉनिटर ब्राइटनेस कमी केला की मागचा दिवा चालू-बंद करून मंद होतात. कोरी पांढरी शीट उघडून १०० टक्के, ५० टक्के आणि २० टक्के ब्राइटनेसला व्हिडिओ घ्या. खालच्या आकड्यांना काळे पट्टे सरकताना दिसले, तर पट्टे ज्या आकड्याला दिसेनासे होतात त्याच्या खाली जाऊ नका. तरी जास्त वाटलं तर कॉन्ट्रास्ट उतरवा. माझी स्वतःची चूक हीच होती. डोळ्यांना आराम म्हणून मी स्क्रीन पंधरा टक्क्यांवर ठेवायचो आणि सगळा दोष चष्म्याला द्यायचो. दोन चष्मे झाले.

आता चकाकी. इथे माणसं सरसकट स्क्रीनवर घसरतात, पण चकाकी दोन वाटांनी येते. एक, दिवा थेट डोळ्यात. दोन, दिव्याचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब स्क्रीनवर. पहिली ओळखायला कपाळावर हात आडवा धरा, उन्हात लांबचं बघताना धरतो तसा, आणि अर्धा मिनिट स्क्रीनकडे बघा. भुवया सैल पडल्यासारख्या वाटल्या तर तुम्ही दिवसभर वरच्या पट्टीशी झुंजत होता. डोळ्याच्या कडेला लुकलुक जास्त जाणवते, त्यामुळे नेमकी वरच्या कोपऱ्यातली पट्टी नकोशी होते. घरी कोणी टोपी घातली असती. ऑफिसात टोपी चालत नाही, म्हणूनही ती ट्यूब काढणंच बरं.

दुसरी ओळखायला मॉनिटर बंद करा आणि रोजच्या जागी, रोजच्यासारखे बसून काळ्या काचेत बघा. आरशासारखं दिसेल. खिडकी तुमच्या पाठीमागे आहे, त्यामुळे उजळ चौकट दिसणारच. तुमच्या हातात आहे ते मॉनिटरचा कोन. मॉनिटर पाच अंश वळवला की प्रतिबिंब दहा अंश सरकतं, कारण परावर्तनात कोन दुप्पट होतो. म्हणजे थोडं वळवून बरंच साधतं. काळी काच बघतच, मॉनिटरची वरची कड किंचित तुमच्याकडे झुकवा, मग उजवीकडे-डावीकडे वळवा, आणि चौकट काचेबाहेर गेली की थांबा. बहुतेकांचा मॉनिटर वर तोंड करून मागे कललेला असतो. त्याने छताच्या सगळ्या पट्ट्या काचेत येतात. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, आणि अंतर हात लांब करून बोटं टेकतील इतकं.

एवढ्याने भागलं नाही तर मॉनिटरला छज्जा करा. स्टेशनरीच्या दुकानात काळा जाड पुठ्ठा मिळतो. मॉनिटरच्या रुंदीचा, पुढे पंधरा-वीस सेंटिमीटर येईल असा तुकडा कापून दोन बाजूंना दोन पाखं लावा आणि मागून दुतर्फी टेपने चिकटवा. फोटोंवर काम करणारे लोक हेच विकत घेतात, आपण पुठ्ठ्याचं करायचं. मॉनिटरमागच्या हवेच्या फटी तेवढ्या झाकू नका. दोन दिवस लोक हसतील, तिसऱ्या दिवशी एकजण माप मागायला येईल.

मग ब्राइटनेस ठरवा, पण डोळे मिटून एखादा आकडा नको. स्क्रीनशेजारी पांढरा कागद उभा धरा, स्क्रीनवर कोरी शीट. स्क्रीन कागदापुढे दिव्यासारखी वाटली तर उतरवा, राखाडी वाटली तर चढवा. सकाळी खिडकीत ऊन असताना आणि संध्याकाळी सहाला हा आकडा वेगळा येईल, तो तसाच यायला हवा. काळ्या पार्श्वभूमीचा डार्क मोड तुम्हाला सध्या सुचवणार नाही. उजळ खोलीत काळ्या पटावर प्रतिबिंबं जास्त उठून दिसतात.

ब्लू कट काचांचे पैसे वाचवा. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि संगणकामुळे येणारा डोळ्यांचा ताण अशा काचांनी, निदान थोड्या काळात, कमी होत असल्याचं दिसलं नाही. त्यापेक्षा नंबर कोणत्या अंतराला तपासला ते विचारा. दूरचा नंबर तक्त्यावर तपासतात आणि जवळचा पुस्तकाच्या अंतरावर. तुमचा मॉनिटर साठ-सत्तर सेंटिमीटरवर आहे, तो दोन्हींत बसत नाही. ४३ व्या वर्षी हे महत्त्वाचं ठरतं. डोळ्यापासून स्क्रीनचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा घेऊन पुन्हा जा. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट बघा: स्क्रीन वाचायला हनुवटी वर उचलावी लागते का? लागत असेल तर मान आखडून डोकं दुखतं, त्यात उजेडाचा काही दोष नाही.

आवाजाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. नुसत्या आवाजाने रोज साडेतीनला डोकं उठेल असं मला वाटत नाही. पण उजेडाने भरत आणलेल्या घड्यात शेवटचा तांब्या तो ओततो. आणि त्रास आवाजाच्या मोठेपणाचा नसतो, शब्दांचा असतो. एसीची घरघर मोठी असली तरी मेंदू ती सोडून देतो. "नाही सर, या महिन्यात स्कीम आहे" हे वाक्य हळू आवाजातलं असलं तरी मेंदू ऐकतोच. त्यात फोनवरचं बोलणं एकाच बाजूचं ऐकू येतं, पलीकडचा काय म्हणाला ते मन आपोआप भरून काढायला जातं, आणि तुमची बेरीज पुन्हा पहिल्यापासून.

यातच तुमच्या हेडफोनचं गणित फसलं. ते यंत्र एसीची, पंख्याची सलग घरघर फार छान कापतं, कारण ती खालच्या पट्टीतली आणि एकसारखी असते. माणसाचं बोलणं ते तितकं कापू शकत नाही. परिणाम असा की घरघरीत बुडालेले सेल्सचे शब्द स्वच्छ होऊन तुमच्यापर्यंत आले. वर त्याची पकड कानशिलांवर. डोक्याला बाहेरून दाब पडून दुखणं ही डोकेदुखीच्या वर्गीकरणातली वेगळी नोंद आहे, हेल्मेटवाल्यांना माहीत असते तीच. हेडफोन दोन आठवडे घरी ठेवा.

त्याऐवजी केमिस्टकडचे फोमचे इअरप्लग घ्या. ते नीट न घातल्यामुळेच लोक "काही उपयोग नाही" म्हणतात. बोटांत गोल फिरवून उदबत्तीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. ओढायची खटपट नको असेल तर कानात बसणारे साधे इअरफोन घ्या आणि पावसाचा सलग आवाज लावा. किती मोठा? लोक बोलताहेत हे कळावं पण काय बोलताहेत ते कळू नये, तेवढाच. त्याच्या वर नेलात तर तोच आवाज नवा त्रास. शब्द असलेली गाणी मात्र नकोत, मग ती कितीही आवडती असोत, कारण आपण शब्दांपासूनच पळतोय.

आणि एक काम बोलून होईल. सेल्सच्या मुलांना "हळू बोला" म्हणू नका, ते दहा मिनिटं टिकतं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतोच. "फोन करताना खुर्ची पलीकडे वळवून बसाल का" असं विचारा. आवाज तोंडासमोर जास्त आणि पाठीमागे कमी जातो, विशेषतः शब्द ओळखू येतात ते चरचरीत ध्वनी. तुमच्या बाजूचे दोघं वळले तरी फरक पडेल. टेबलावर फूटभर उंचीची काच किंवा प्लायची पट्टी लावून मात्र काही होत नाही, आवाज तिच्यावरून येतो.

आता गोळीबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. दिवसाआड एक म्हणजे महिन्याला पंधरा दिवस. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली, कॅफिनवाली वगैरे गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. तुम्ही बरोबर त्या रेषेवर आहात. पाकिटाच्या मागे किती औषधांची नावं आहेत ते वाचा, आणि पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. गोळी एकदम बंद करायची की हळूहळू, ते त्यांना ठरवू द्या. दुखणं एका बाजूला, ठणकणारं, मळमळ होणारं आणि उजेड-आवाज दोन्ही नकोसं करणारं असेल तर अर्धशिशीची शंका सांगा. तिच्यावर वेगळी औषधं आहेत. आणि अचानक, क्षणात कळस गाठणारं दुखणं, ताप आणि मान आखडणं, बोलण्यात किंवा हातापायांत फरक, दिसणं जाणं, यांपैकी काही झालं तर ट्यूब आणि पेन्सिली विसरून थेट हॉस्पिटल.

हे सगळं एका सोमवारी करू नका. सगळं एकदम बदललंत तर बरं कशाने वाटलं ते कळणार नाही, आणि अ‍ॅडमिनला सांगायला काही राहणार नाही. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंदी: किती वाजता सुरू झालं, दहापैकी किती, गोळी घेतली का, जेवण-चहा किती वाजता, झोप, पाळीची तारीख. पुढचे दोन आठवडे फक्त उजेड आणि स्क्रीन. मग आवाज. हेडफोन तेवढे पहिल्या दिवसापासून बाहेर.

माझ्या हाताखालून गेलेली एक केस सांगतो. पहिल्या मजल्यावरचं ऑफिस, बिलिंगचं टेबल, बसणाऱ्या बाई तुमच्याच वयाच्या. नोंदीच्या पहिल्या आठवड्यात सहापैकी चार दिवस डोकं दुखलं. पट्टीतल्या दोन ट्यूबांपैकी एक काढली, यूएसबीचा लॅम्प दिला, मॉनिटर पुढे झुकवला. पुढच्या दोन आठवड्यांत मिळून चार दिवस. निम्मं झालं, पण अडलं. आम्ही दुसऱ्या ट्यूबवर घसरलो, ती बदलली, काही फरक नाही. मग वहीच नीट वाचली. उरलेले चारही दिवस डबा अडीचनंतर उघडलेला होता, कारण त्या दिवशी बँकेची कामं होती. उजेडाचा वाटा निघाला होता, उरलं होतं ते रिकामं पोट. वही नसती तर आम्ही छत खाली उतरवलं असतं.

अ‍ॅडमिनला मेल मात्र चौथ्या आठवड्याची वाट न बघता, पहिल्या आठवड्याच्या नोंदी झाल्या की लगेच व्हिडिओ जोडून पाठवा. त्यात डोकेदुखी, तक्रार, कायदा असलं काही घालू नका. बिघाड म्हणून लिहा, बिघाडाला तिकीट निघतं. असं काहीसं:

"माझ्या टेबलावरच्या पट्टीतली एक ट्यूब फडफडते. ती आणि शेजारची, दोन्ही काढून ठेवाव्यात, मला टेबललॅम्प पुरेसा आहे. उरलेल्या ट्यूबांच्या ड्रायव्हरमध्येही दोष दिसतो, स्लो मोशन व्हिडिओ जोडला आहे. पुढच्या खरेदीच्या वेळी फ्लिकर-फ्री लिहिलेल्या ट्यूब घ्याव्यात आणि एक नमुना आधी माझ्या टेबलावर लावून बघावा."

व्हिडिओ पाच-सात सेकंदांचाच ठेवा आणि शेवटचे दोन सेकंद कॅमेरा खिडकीतल्या उजेडातल्या कागदावर न्या. धडधडणारा कागद आणि शांत कागद एकामागे एक दिसले की इलेक्ट्रिशियनला समजावून सांगावं लागत नाही.